चौथीच्या जलचक्राच्या चिठ्ठ्या: सोमवार ते गुरुवार

मॅडम,

सोमवारपासून चार दिवस मी प्रशिक्षणाला आहे आणि चौथीची २७ मुलं तुमच्या तिसरीच्या वर्गात बसणार आहेत. परिसर अभ्यासात जलचक्र चालू आहे. शिकवायचं काय ते टाचणवहीत आहेच. शाळा सुटताना मुलांनी भरून द्यायच्या चिठ्ठ्यांचे प्रश्न मात्र इथे वेगळे लिहून देते, कारण मुलांना कळलंय की नाही ते मला या चिठ्ठ्यांवरूनच कळतं. जलचक्राचं चित्र सगळी मुलं छान काढतात, बाणही बरोबर देतात. मागच्या वर्षी अशा सुरेख चित्रांवर मी भरवसा ठेवला आणि फसले.

शेवटची सात मिनिटं राखून ठेवा. वहीच्या एका पानाचे चार तुकडे करायचे, एकाला एक तुकडा. प्रश्न फळ्यावर लिहून दोनदा मोठ्यानं वाचा. नाव मागच्या बाजूला लिहायला सांगा, म्हणजे वाचताना आधी उत्तर दिसतं, मूल नंतर. चिठ्ठी हातात दिल्याशिवाय दप्तर उचलायचं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. गुण द्यायचे नाहीत, शुद्धलेखन तपासायचं नाही. लिहिताना अडतात त्यांनी चित्र काढलं किंवा तुमच्या कानात सांगितलं तरी चालेल.

सोमवार (पाणी हवेत कसं जातं)

प्रश्न १. आजीनं शिजवलेली हळद अंगणात वाळत घातली. काही दिवसांनी पोत्यात भरताना ती खूप हलकी लागली. हळदीतलं पाणी कुठे गेलं? 'बाष्पीभवन' हा शब्द न वापरता सांग.

प्रश्न २. सोनू म्हणतो, "पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही." त्याचं बरोबर आहे का? घरातलं किंवा शाळेतलं एक उदाहरण देऊन सांग.

पहिल्या प्रश्नात शब्दाला बंदी मुद्दाम घातली आहे. शब्द वापरू दिला की सगळ्या चिठ्ठ्यांवर 'बाष्पीभवन झाले' एवढंच येतं आणि आपल्याला काही कळत नाही. हळद सगळ्यांनी पाहिलेली आहे, निम्म्या घरांच्या अंगणात आत्ता वाळत असेल.

"हवेत गेलं", "वाफ होऊन हवेत मिसळलं" असं आलं की झालं. "सुकलं", "उडालं", "संपलं" असं लिहिणाऱ्यांना नुसतं विचारा, "उडून गेलं कुठे?" काही जण तेवढ्यावर सांगतात, त्यांना फक्त लिहायचा कंटाळा असतो. "सूर्यानं पिऊन टाकलं" असंही येईल. त्यात उष्णतेचं भान आहे, पण पाणी सूर्यापर्यंत गेलं असा समज आहे, तो काढायला हवा.

सगळ्यात फसवं उत्तर "ढगात गेलं" हे. वाचताना बरोबर वाटतं आणि मीही पूर्वी ते बरोबर धरत असे. पण ते चित्रातल्या बाणावरून आलेलं असतं: खाली पाणी, वर ढग, मध्ये बाण, विषय संपला. त्या मुलाच्या मनात हवेत पाणी असतंच असं नसतं. त्याला बाहेर नेऊन आभाळ दाखवा. या दिवसांत ढगाचा ठिपकाही नसतो. "मग आज सकाळी वाळलेल्या कपड्यांतलं पाणी आत्ता कुठे आहे?" इथे जो गप्प होतो, त्याच्यासाठी मंगळवारचा तास आहे.

दुसऱ्या प्रश्नाला वाळलेली फरशी, पुसलेला फळा, दोरीवरचे कपडे, काहीही चालेल. सोनूचं बरोबर आहे असं दहाच्या वर मुलांनी लिहिलं तर मंगळवारी पुढे जाऊ नका. दोन रुमाल सारखे भिजवून पिळा. एक दोरीवर टाका, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. मधल्या सुट्टीनंतर दोन्ही हात लावून बघू द्या. पिशवीतला ओलाच राहतो. पाणी नाहीसं होत असतं तर तोही वाळला असता, हे कुणीतरी पोर आपणहून म्हणतं.

मंगळवार (हवेतलं पाणी परत दिसतं)

तास संपायच्या अर्धा तास आधी स्टीलच्या तांब्यात पाणी आणि भरपूर बर्फ घाला, पाण्यात चिमूटभर हळद टाका. तांब्या बाहेरून कोरडा पुसून टेबलावर ठेवा. आत्ताची हवा कोरडी आहे, बर्फ कमी पडला तर थेंब येत नाहीत. पंखा बंद ठेवा.

प्रश्न १. तांब्याला बाहेरून पाणी सुटलं. हे पाणी कुठून आलं?
अ) तांब्यातून झिरपलं
आ) बर्फ वितळून काठावरून बाहेर आला
इ) तांब्याभोवतीच्या हवेतून आलं
ई) बर्फाची थंडी बाहेर येऊन तिचं पाणी झालं
तुला कशावरून कळलं तेही लिही.

प्रश्न २. आकाशातला ढग कशाचा बनलेला असतो?
अ) धुराचा
आ) पाण्याच्या अगदी बारीक थेंबांचा किंवा बर्फाच्या बारीक कणांचा
इ) न दिसणाऱ्या वाफेचा
ई) कापसासारख्या मऊ वस्तूचा

पहिल्याचं उत्तर इ. पण अक्षरापेक्षा 'कशावरून' बघा. "आतलं पाणी पिवळं आहे, बाहेरचे थेंब पिवळे नाहीत" असं ज्यानं लिहिलं त्याचं सोनं झालं. ई हा पर्याय मी मुलांच्याच तोंडून उचलला आहे. तो निवडणारी मुलं विचार करणारी असतात, त्यांना चूक म्हणून सोडून देऊ नका. थंडी ही काही वस्तू नाही आणि तिचं पाणी होत नाही. तांब्याजवळची हवा गार झाली म्हणून हवेतल्या वाफेचं पाणी झालं, इतकं त्यांना समजावून सांगा.

तांब्याच्या जागी माठ मात्र घेऊ नका. मागच्या वर्षी बर्फ मिळाला नाही म्हणून मी माठावर प्रश्न विचारला आणि "आतून झिरपलं" लिहिणाऱ्या मुलाला चूक दिली. घरी आल्यावर लक्षात आलं की माठ खरोखरच झिरपतो, म्हणून तर त्यातलं पाणी गार होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो अजून आठवण करून देतो.

दुसऱ्याचं उत्तर आ. इ निवडणारी खूप निघतील, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही इथेच पडतात. वाफ दिसत नाही, ढग दिसतो, तर ढग वाफेचा कसा असेल? आधण ठेवलेल्या किटलीच्या तोटीला लागून थोडी मोकळी जागा दिसते आणि त्याच्या पुढे पांढरं काहीतरी निघतं. त्या मोकळ्या जागेत खरी वाफ असते. पांढरं दिसतं ते म्हणजे बारीक थेंब. आपल्या पोषण आहाराच्या चुलीवर लांबून दाखवता येईल.

सांद्रीभवन म्हणा किंवा संघनन म्हणा, मुलं दोन्ही शब्द ऐकून आहेत. चिठ्ठीत कुठलाच आला नाही तरी हरकत नाही.

बुधवार (पडलेल्या पाण्याचं काय होतं)

प्रश्न १. जुन्या महाबळेश्वरच्या डोंगरावर पावसाचा एक थेंब पडला. पुढे त्याचं काय काय होऊ शकेल? तीन वेगवेगळ्या गोष्टी लिही.

प्रश्न २. कित्येक महिन्यांत पाऊस नाही, तरी आपल्या विहिरीला पाणी आहे. ते कुठून आलं?

पहिल्यात "ओढ्यातून कृष्णेत, मग धोमच्या धरणात" हे सगळ्यांना येईल, कारण धरण रोजच्या बघण्यातलं आहे. तिसरी गोष्ट कुठली लिहिली ते बघा. जमिनीत मुरला, झाडानं मुळांनी घेतला आणि पानांतून पुन्हा हवेत सोडला, खडकावर पडून लगेच वाळला, म्हशीनं प्यायला, काहीही चालेल. ज्याला नदी सोडून दुसरं काहीच सुचत नाही, त्याच्या डोक्यात जलचक्र म्हणजे एकच रस्ता आहे.

दुसऱ्याला "झऱ्यातून" एवढंच आलं तर "झऱ्याला कुठून?" असं विचारा. पावसाचं पाणी मुरून साठतं आणि हळूहळू विहिरीत येतं, इतकं पुरे.

गुरुवार (सगळं एकत्र)

आज चिठ्ठी मोठी, अर्धं पान. वेळ बारा मिनिटं. भारताचा नकाशा भिंतीवर टांगलेला हवा.

प्रश्न १. अरबी समुद्रातलं पाणी वाफ होऊन वर गेलं, महाबळेश्वरला पाऊस होऊन पडलं आणि कृष्णेतून वाहत निघालं. ते परत अरबी समुद्रातच पोचलं का? नकाशा बघून सांग. आणि नसेल पोचलं तर जलचक्र मोडलं का?

प्रश्न २. समुद्राचं पाणी खारट, मग पावसाचं खारट का नाही? मिठागरात काय उरतं ते आठव.

प्रश्न ३. फळ्यावरच्या चित्रात वर जाणारे बाण फक्त समुद्रातून काढले आहेत. आणखी कुठून काढायला हवेत? दोन जागा सांग.

तिसऱ्यासाठी नेहमीचं चित्र काढा: समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी. वरचे बाण समुद्रावरच ठेवा. धरण, ओलं शेत, झाडं, दोरीवरचे कपडे, मुलांनी काय लिहावं! एकदा एकीनं "गणपती घाटाच्या पायऱ्या" लिहिलं होतं.

पहिला प्रश्न माझा आवडता. 'चक्र' हा शब्दच मुलांना चकवतो, त्यांना वाटतं पाणी जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरून जिथून निघालं तिथेच उतरतं. कृष्णा पूर्वेला जाते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच जुन्या महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री मात्र कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. डोंगरमाथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांत जाऊ शकतात. "नाही पोचलं, पण तिथूनही वाफ होईल" किंवा "मधेच धरणातून वर गेलं असेल" असं लिहिणाऱ्याला जलचक्र कळलं, मग त्याचं चित्र कितीही वाकडं असो. नुसतं "नाही" आलं तर त्यानं नकाशा वाचला, एवढंच म्हणता येईल.

दुसऱ्यात "मीठ खाली राहतं, पाणी वर जातं" एवढं हवं. "ढगात गाळलं जातं" असंही येईल. तेव्हा बशीत मिठाचं पाणी उन्हात ठेवायला सांगा, शुक्रवारी मी बघते.

रोजच्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: कळलं, अर्धं कळलं, पुन्हा घ्यायला हवं. दोन मिनिटांत होतं, प्रत्येक चिठ्ठी नीट वाचत बसू नका. गठ्ठ्यांना रबर लावून माझ्या कपाटात दुसऱ्या खणात ठेवा, वर वार लिहा. किल्ली शिपाईमामांकडे आहे. बर्फाचं शाळेसमोरच्या दुकानात सांगून ठेवलंय, मंगळवारी अकरापर्यंत एखाद्या मुलाला डबा घेऊन पाठवा.