फोंड्याच्या आमच्या सुतारशाळेचे पिंटरेस्ट बोर्ड आणि पिन

प्रोफाइलवरची ओळख
फोंड्यात दोघे भाऊ आणि बाबा मिळून हाताने फर्निचर बनवतो. फणस, सागवान, वेत. गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात टिकेल तेवढंच विकतो.

बोर्ड: पावसाळ्यात टिकणारं लाकडी फर्निचर
दमट हवेत लाकूड ओल पितं आणि रुंदीला फुगतं. लांबीला जवळजवळ नाहीच. ड्रॉवर अडकणं, दार घासणं, टेबलाची फळी तडकणं हे सगळं तिथूनच सुरू होतं. समुद्राजवळच्या घरासाठी कपाट, टेबल किंवा पलंग घेण्याआधी आमचे सांधे जवळून बघा.

पिन: पावसाळ्यात ड्रॉवर अडकतो? फट किती हवी ते बघा
आमचं एक सागवानी कपाट एप्रिलमध्ये घरी पोचलं आणि जुलैत गिऱ्हाइकाचा फोन आला, "वरचा ड्रॉवर उघडतच नाही हो!" चूक आमचीच. उन्हाळ्यात सुकलेली फळी आम्ही अगदी घट्ट बसवली होती. आता उन्हाळ्यात बनवलेल्या ड्रॉवरला उंचीत १५ सेंमीमागे साधारण २ मिमी मोकळीक ठेवतो, पावसात बनवला तर त्याहून कमी. फोटोत पट्टी लावून दाखवलंय. अडकलेला ड्रॉवर लगेच रंधायला घेऊ नका, आधी पावसाळा संपू द्या. पुढची माहिती वेबसाइटवर.
लिंक: /drawer-adakto

पिन: जेवणाच्या टेबलाची फळी तडकू नये म्हणून खालून काय करतो
टेबल उलटं करून काढलेला फोटो. स्क्रूची भोकं गोल नाहीत, लांबट आहेत, म्हणजे फळी फुगली की स्क्रूसकट सरकते. विकत घेताना कोणी वाकून खाली बघत नाही, पण बघावं. सहा माणसांचं सागवानी डायनिंग टेबल, १५० × ९० सेंमी.
लिंक: /dining-table

बोर्ड: फणसाच्या लाकडाचं फर्निचर
नवं असताना हळदीसारखं पिवळं, वर्षं जातील तसं तपकिरी. याच लाकडाची वीणा होते, मृदंगाचं खोडही होतं. आम्ही बाक, स्टूल, पाट आणि देव्हारे करतो.

पिन: फणसाचा बाक, नवा आणि चार वर्षांनी
डावीकडचा बाक गेल्या महिन्यात केलेला, उजवीकडचा आमच्याच ओसरीवरचा. वरून रंग दिलेला नाही, फक्त जवसाचं तेल. "एवढं पिवळं कसं?" असं विचारून परत गेलेली गिऱ्हाइकं खूप, म्हणून हा फोटो. फणसाच्या लाकडाचा रंग बदलतो, तो बदल आवडणार असेल तरच घ्या. लांबी १२० सेंमी, बैठकीची उंची ४५ सेंमी.
लिंक: /fanas-bak
फोटोचं वर्णन: मातीच्या भिंतीपाशी शेजारी शेजारी ठेवलेले दोन लाकडी बाक, एक पिवळा, एक गडद तपकिरी.

बोर्ड: चवथीची तयारी: चौरंग, पाट, माटोळी
गणपतीसाठी लाकडी चौरंग डिझाइन, आरतीचे पाट आणि माटोळीची चौकट. ऑर्डर चवथीच्या सहा आठवडे आधी द्या. शेवटच्या आठवड्यात बाबा कोणाचंच ऐकत नाहीत, आमचंही नाही.

पिन: सुटी होणारी माटोळीची चौकट
नारळ, केळ्यांचे घड, काकड्या, रानातली फळं असं सगळं टांगल्यावर माटोळी किती जड होते ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून ही चौकट सागवानी, कोपऱ्यात कुसू खाचेत बसवून वर लाकडी खुंटी मारलेली. खुंट्या काढल्या की चार पट्ट्या माळ्यावर जातात. छताचे हूक आणि दोऱ्या तेवढ्या तुम्हीच तपासून घ्या. माप ९० × ९० सेंमी, मखराप्रमाणे बदलून मिळेल.
लिंक: /matoli-choukat

पिन: गणपतीचा लाकडी चौरंग, दीड फुटी मूर्तीसाठी
माप ६० × ६० सेंमी, उंची ३० सेंमी. पाय कातलेले, वर लाखेचं पॉलिश. पाणी सांडलं तर लगेच पुसा, नाहीतर पांढरा डाग उमटतो.
लिंक: /chaurang

बोर्ड: बल्कांव आणि सोप्यासाठी वेताच्या खुर्च्या
संध्याकाळी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायला लागणारं सामान. लांब हातांच्या आरामखुर्च्या, वेताचे बाक, जुन्या खुर्च्यांची नवी वीण.

पिन: सैल पडलेली वेताची खुर्ची घरच्या घरी ताठ करा
खुर्ची उलटी करा. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं वेताच्या खालच्या बाजूने फिरवा, वरची पॉलिश केलेली बाजू कोरडीच ठेवा. सावलीत रात्रभर सुकू द्या. सुकताना वेत आवळतो आणि बैठक पुन्हा ताणली जाते. ओली असताना बसलात तर मात्र खड्डा कायमचा. वीण एखाद्या ठिकाणी तुटलेली असेल तर हा उपाय चालणार नाही, तेव्हा खुर्चीचे समोरून आणि खालून असे दोन फोटो वेबसाइटवरून पाठवा. वीण नव्याने करून देतो, चौकट तीच ठेवून.
लिंक: /vetachi-veen