कार्यभार सोपवताना

माननीय प्रांत साहेब, जाधव मॅडम, सर्व नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि कार्यालयातल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

आत्तापर्यंत जे बोलले त्यांनी ज्या तहसीलदाराचं वर्णन केलं, त्याला एकदा भेटायला मलाही आवडेल. निरोपाच्या भाषणात थोडं जास्तीचं बोलायची मुभा असते. मीही इतरांच्या निरोपाला ती भरपूर वापरली आहे, त्यामुळे तक्रार नाही. मनापासून आभार.

बदलीचं म्हणाल तर तिच्यात जगावेगळं काही नाही. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं एका पदावरचा साधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवून दिला आहे. खुर्चीत बसतो त्याच दिवशी उठण्याचा अंदाज येतो. म्हणून माझ्याबद्दल इथंच थांबतो. आज मला मॅडमची तुम्हाला ओळख करून द्यायची आहे आणि मॅडमना तुमची.

मॅडमनी नायब तहसीलदार म्हणून पुनर्वसन शाखेत काम केलं, मग निवडणूक शाखा सांभाळली आणि आता पदोन्नतीनं आपल्याकडे येत आहेत. पुनर्वसनात काम केलेल्या माणसाला दोन गोष्टी येतात. जुनं रेकॉर्ड वाचता येतं, आणि चिडलेल्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घेता येतं. आपल्या कार्यालयाला दोन्हींची गरज आहे, आणि त्यातही दुसरीची जास्त. प्रमाणपत्रांच्या खिडकीवर जून महिन्यात जो बसलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळलं असेल.

पण सेवापुस्तकातल्या नोंदींपेक्षा काल पाहिलेलं सांगतो. कार्यभार घेण्याआधी मॅडम अभिलेख कक्ष बघायला गेल्या. नानांनी एक रस्त्याच्या वादाची संचिका काढून दिली. मॅडमनी ती उभ्याउभ्याच उघडली, पानं उलटली आणि विचारलं, "नाना, ४३ नंतर एकदम ४६?" नानांचा चेहरा उतरला. मधली दोन पानं पत्रव्यवहाराच्या बाजूला न लागता टिप्पणीच्या बाजूला शिवली गेली होती, आणि त्यातलंच एक स्थळपाहणीच्या पंचनाम्याचं होतं. ती दोन मिनिटांत सापडली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही आजच उसवून नीट शिवून घेऊ, आणि पृष्ठांकन पेनानं करू, पेन्सिलनं नको." कुणी घातली, कधी घातली, याची चौकशी नाही. मी दाराशी उभा होतो. त्या क्षणी माझी निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी तुमच्याबद्दलची आहे, तिच्याकडे येतो.

मॅडम, आता तुमच्याशी. समोर बसलेली ही माणसं कागदावर मंजूर पदांपेक्षा कमी आहेत, ते तुम्ही आस्थापनेच्या यादीत पाहिलंच आहे. यादीत दिसत नाही ते सांगतो. आवक-जावकच्या ताई टपाल नुसतं नोंदवत नाहीत, वाचतात. न्यायालयाची तारीख असलेलं पत्र त्या शाखेत पाठवून मोकळ्या होत नाहीत, स्वतः उठून आणून देतात. नानांना अभिलेखाचं कुठलं गाठोडं कुठल्या मांडणीवर आहे हे संगणकाआधी आठवतं. हे कौतुक आहे आणि धोकाही, कारण नाना रजेवर गेले की आपण सगळेच रजेवर जातो. सूची करायचं काम अर्धं झालंय, ते पूर्ण करून घ्या. तरुण महसूल सहायक कामाला वाघ आहेत, फक्त टिप्पणी लिहिताना "आदेशार्थ सादर" एवढ्यावर भागवायची सवय आहे. नियम काय सांगतो आणि तुमचं मत काय, हे लिहायला लावा. त्यांना येतं. विचारलं की लिहितात.

प्रलंबित कामांची यादी कार्यभार अहवालाला जोडली आहेच. पण एक विषय सगळ्यांसमोर मुद्दाम बोलतो, म्हणजे उद्या कुणी "हे साहेबांनी सांगितलंच नव्हतं" असं म्हणायला नको. शेतरस्त्यांची प्रकरणं. पेरणी तोंडावर आली की हे अर्ज वाढतात, कारण बैल किंवा ट्रॅक्टर रानात न्यायचा असतो आणि तेव्हाच बांधावर काट्या पडतात. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागायचा असतो, आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, असलेला रस्ता अडवला म्हणून यायचं असतं. अर्जदाराला हा फरक माहीत नसतो, तो फक्त "रस्ता द्या" म्हणतो. अर्ज घेतानाच त्याला नीट विचारलं, तर पुढचे कित्येक महिने वाचतात. हे काम खिडकीवरच झालं पाहिजे. आणि स्थळपाहणीची नोटीस दोन्ही बाजूंना पोचल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्यांनी गाडी काढू नये. एका बाजूला कळवून केलेली पाहणी अपिलात टिकत नाही, आणि गावातही टिकत नाही. या प्रकरणांत काही निकालासाठी बंद होती. त्यांची सुनावणी माझ्यासमोर झाली होती, म्हणून ते निकाल मी जाण्यापूर्वी दिले आहेत. बाकीची मॅडमसमोर चालतील.

आता तुम्हा सर्वांना. एक वाक्य या कार्यालयात पुढचे काही महिने बोलू नका: "आधीचे साहेब असं करायचे." माझ्याही आधीच्या साहेबांचं नाव घेऊन तुम्ही मला हे ऐकवलेलं आहे, आणि मी शांतपणे ऐकून घेतलंय, हे तुम्हाला आठवत असेल. माझी पद्धत माझ्या स्वभावातून आली होती. मी सकाळी शाखांमधून फेरी मारायचो, मॅडम कदाचित तुम्हाला दालनात बोलावतील. मी फोनवर निरोप घ्यायचो, त्या लेखी मागतील. यातलं काय बरोबर, हे ठरवत बसू नका. बदल का केला ते समजलं नाही तर त्यांनाच विचारा. व्हरांड्यात विचारू नका, व्हरांडा कुणालाच उत्तर देत नाही.

दुसरं. वाईट बातमी आधी सांगा. मुदत हुकणार असेल, लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा वेळेत देता येणार नसेल, तर हुकण्याच्या आदल्या आठवड्यात सांगा, नंतर नको. नवीन अधिकाऱ्यापुढे सगळं छान दाखवायचा मोह होतो. तो टाळा. पहिल्या पंधरवड्यात मॅडमना या कार्यालयाचं जे खरं चित्र दिसेल, त्यावरच त्यांना पुढची आखणी करता येईल. आणि हो, तुमचे गोपनीय अहवाल मी लिहून पाठवले आहेत, त्यामुळे आता माझ्यासाठी चांगलं दिसायचीही गरज उरलेली नाही.

माझा फोन नंबर तोच राहणार आहे. मुलांचे निकाल कळवा, कुणाचं लग्न ठरलं तर कळवा, तब्येतीची विचारपूस करा. पण कुठल्या फाईलवर काय करावं हे विचारायला फोन आला, तर मी फक्त "मॅडमना विचारा" एवढंच म्हणणार. राग मानू नका. दोन तहसीलदारांच्या सल्ल्यानं चाललेली फाईल कुठेच पोचत नाही.

मॅडम, दालनातल्या कपाटाच्या किल्ल्या अव्वल कारकुनांकडे लिफाफ्यात दिल्या आहेत. खिडकीजवळच्या कपाटाचं कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं. कार्यभाराच्या अहवालावर माझी सही झाली आहे, तुमची या सभेनंतर घेऊ. तत्पूर्वी सगळ्यांना तुम्हाला ऐकायचं आहे. या.