काल पहाटे, ४ वाजून १० मिनिटांनी

मुलगी झाली. २ किलो ८०० ग्रॅम. दोघी सुखरूप आहेत.

१४ तास ती कळा सोसत होती आणि मी नुसता हात धरून उभा. तोही तिनंच घट्ट धरला होता, खरं तर. सिस्टरनी बाळ हातात दिलं तेव्हा हात थरथरायला लागले. गुऱ्हाळावर उकळती काहील उतरवणारे हात हे.

आज सकाळी आई अंबाबाईचं कुंकू घेऊन आली. नातीकडं बघत राहिली, बोललीच नाही. मी तिच्या पाया पडलो. माझ्या वेळी तिनं काय सोसलं, ३२ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

आत्ता दोघी झोपल्यात. मी त्यांचे श्वास ऐकत बसलोय. फोन उचलत नाही, राग मानू नका.