सकाळी सहाची बॅच: पहिलं गाणं, मिनिटाला १२८ ठोके

चला मंडळी, आधी ठेका ऐका. पाय जागेवरच... पाच, सहा, सात, आठ!

मार्च! उजवा, डावा, उजवा, डावा. पंजा हलका, श्वास रोखू नका.

आता साइड स्टेप. चार, तीन, दोन, उजवीकडे! पाऊल, जोड, पाऊल, जोड. मावशी, गुडघा दुखतोय ना? उडी नको, नुसतं पाऊल टाका. ठेका तोच.

स्क्वाट येतोय. पाय खांद्याइतके लांब. दोन ठोक्यांत खाली, दोन ठोक्यांत वर. बसा-दोन, उठा-दोन. मागे पाट ठेवलाय असं समजून बसा. ताई, टाच उचलली जातेय, टेकवा... हां, अस्सं! गुडघे आत पडू देऊ नका. बसा-दोन, उठा-दोन.

ढोल थांबेल तेव्हा खालीच थांबायचं. धरा! मांड्या थरथरतायत? थरथरू द्या. पाच, सहा, सात... ठोका पडला, वर!

मार्च करत बाटली घ्या. जळगावचा मे आहे, भिंती आत्ताच तापल्यात. दोन-दोन घोट, घटाघटा नको. गरगरलं तर लगेच सांगा, लाजू नका. तुम्ही सगळे धडधाकट घरी गेलेले मला हवेत.

दुसरं गाणं, आता डावीकडून. पाच, सहा, सात, आठ!