रेझ्युमे वाचन टिपण: उमेदवार क्र. ७, पद: क्षेत्र अधिकारी (ग्रामीण विक्री)

प्रति: निवड समिती आणि विभागीय विक्री व्यवस्थापक
जाहिरातीतील मागणी: कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा हा कोरडवाहू पट्टा, सुमारे १४० गावे, ३ वितरक, ५५ किरकोळ विक्रेते. कृषी पदवी किंवा पदविका, क्षेत्रावरचा किमान ३ वर्षांचा अनुभव. उत्पादने: बीजप्रक्रिया, पीक संरक्षण, सूक्ष्म अन्नद्रव्ये. जबाबदारी: प्रात्यक्षिके, दुकानातून शेतकऱ्यापर्यंत मालाचा उठाव, वसुली.

निर्णय आधी लिहितो: मुलाखतीला बोलवावे. गुण १०० पैकी ७१ (पीकज्ञान ४० पैकी २७, शेतकरी संपर्क ३० पैकी २४, वितरण ३० पैकी २०); आपली मर्यादा ६५ आहे. मात्र रेझ्युमेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत जे आहे त्यासाठी हे गुण नाहीत. या उमेदवाराचे खरे काम दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत आहे.

पीकज्ञान

"कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, कांदा, डाळिंब, ऊस या पिकांचे सखोल ज्ञान" या ओळीला शून्य गुण. सात पिकांची नावे कोणीही लिहितो. ही ओळ नसती तरी काही बिघडले नसते, कारण पुढे नेमके तपशील आले आहेत.

त्यातला सर्वांत चांगला तपशील सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचा. उमेदवाराने ३१ गावांत पेरणीपूर्वी उगवण चाचण्या घेतल्या: ओल्या गोणपाटात १०० दाणे, १० दाण्यांच्या रांगा, सावलीत गुंडाळी, मग मोजणी. ७० किंवा जास्त उगवण आली तर एकरी ३० किलो, कमी आली तर त्या प्रमाणात वाढ. ६० आली तर ३५ किलो, असे उदाहरण दिले आहे आणि ते बरोबर आहे. विक्रीच्या पदासाठी याचे महत्त्व मोठे आहे. उगवण कमी झाली की दोष बीजप्रक्रियेच्या औषधावर येतो आणि तक्रार आपल्या दारात येते. ज्याने आधी बियाणे तपासून दिले, त्याला ती तक्रार कोणाच्या हिशेबात टाकायची हे सांगता येते.

पण त्याच परिच्छेदात "बुरशीनाशक, कीटकनाशक आणि रायझोबियम यांची एकत्रित प्रक्रिया" असे लिहिले आहे. इथे मी थांबलो. रायझोबियम हा जिवंत जिवाणू आहे. बुरशीनाशकाच्या ओल्या मिश्रणात तो टिकत नाही. क्रम असा हवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, बियाणे सावलीत सुकले की पेरणीच्या तोंडावर जिवाणू संवर्धक. उमेदवाराला हा क्रम माहीत असून "एकत्रित" म्हणजे एकाच दिवशी असे म्हणायचे असेल, तर तो शब्दाचा दोष. बादलीत तिन्ही ओतून दाखवले असतील, तर ३१ गावांत चुकीचे शिकवले गेले. प्रत्यक्ष विचारूनच ठरवावे लागेल. सोयाबीनचे टरफल पातळ असते, जोरात चोळले की सोलते आणि उगवण घटते. ड्रम हळू फिरवावा लागतो, हे रेझ्युमेत नाही, तेही विचारावे.

कापसात गुलाबी बोंडअळीचे लेखन व्यवस्थित आहे. निरीक्षणासाठी एकरी २ कामगंध सापळे, सलग ३ रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, हिरवी बोंडे फोडून अळी पाहणे. सापळ्याची वडी जुनी झाली की पतंग कमी येतात आणि शेतकरी "बोंडअळी गेली" म्हणून फवारणी लांबवतो, हा धोका त्याने स्वतःहून लिहिला आहे. हे पुस्तकातून आलेले वाक्य वाटत नाही. अशा एका ओळीवर मी पाच गुण दिले.

गुण कापले ते कापसाच्या दुसऱ्या नोंदीवर: "पेरणीनंतर ३० दिवसांनी रसशोषक किडींसाठी पायरेथ्रॉईड मिश्रणाची शिफारस." सिंथेटिक पायरेथ्रॉईड लवकर फवारले की मित्रकिडी मरतात आणि पांढरी माशी उसळते. ३० दिवसांच्या कापसात तुडतुडे, मावा, फुलकिडे असतात. तिथे ही शिफारस नुकसान करते आणि पुढच्या फवारण्या वाढवते. शेतकऱ्याला आधी गुण येतो आणि पंधरवड्यात पांढरी माशी दिसते. कदाचित त्या हंगामात तेच मिश्रण खपवायचे लक्ष्य होते. तसे असेल तर उमेदवाराने ते मोकळेपणाने सांगावे, आम्ही समजून घेऊ. आपल्या पदावर मात्र लक्ष्याच्या दबावाखाली चुकीच्या वेळी चुकीचे औषध सुचवणारा माणूस चालणार नाही.

तूर आणि हरभऱ्यावर फक्त तीन ओळी आहेत: मर रोग, शेंगा पोखरणारी अळी, पक्षी थांबे. पुरेसे आहे. फवारणीतील सुरक्षितता मात्र कुठेच नाही: हातमोजे, वाऱ्याची दिशा, दोन औषधे मिसळण्याआधी बरणीत करायची चाचणी, फवारणी ते काढणी यातले दिवस. हे न लिहिणारे उमेदवार बरेच असतात, त्यामुळे गुण कापले नाहीत, पण मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत विचारावे.

शेतकरी संपर्क

"दोन वर्षांत १८० मेळावे, १२,००० शेतकऱ्यांपर्यंत पोहोच." म्हणजे एका मेळाव्याला सरासरी ६६–६७ शेतकरी. गावच्या चावडीवर बसून होणाऱ्या बैठकीला इतके लोक येत नाहीत; हा आकडा मोठ्या कार्यक्रमांच्या हजेरीपटांमुळे फुगलेला असावा. हजेरी म्हणजे संपर्क नाही. या ओळीला एकच गुण.

खालची नोंद पाहा. ४६ प्रात्यक्षिके घेतली, त्यातल्या २९ ठिकाणी काढणीपर्यंत निरीक्षण पूर्ण झाले आणि उत्पादन वजनकाट्यावर मोजले. उरलेल्या १७ चे काय झाले तेही लिहिले आहे: ९ पावसामुळे वाया, ५ ठिकाणी शेतकऱ्याने तुलनेच्या पट्ट्यातही तेच औषध मारले, ३ ठिकाणी नोंदच ठेवली नाही. फसलेल्या प्रात्यक्षिकांची कारणे लिहिणारा रेझ्युमे क्वचित हाती येतो. तुलनेचा पट्टा बिघडणे हा प्रात्यक्षिकातला नेहमीचा रोग आहे: शेजारचा पट्टा हिरवा दिसला की मालकाला राहवत नाही, तो उरलेले औषध तिथेही मारतो. त्यावर उमेदवाराने काढलेला उपाय असा: तुलनेचा पट्टा शेताच्या मधोमध न ठेवता बांधाकडे, ५ ओळींचा, चारही कोपऱ्यांवर खुंट्या आणि उरलेले औषध त्याच दिवशी परत घेणे. २४ गुणांमधले बहुतेक याच परिच्छेदाचे आहेत. उपाय साधाच आहे, पण शेतात उभे राहिल्याशिवाय सुचत नाही.

२२ व्हॉट्सअ‍ॅप गट, १,९०० सदस्य असेही लिहिले आहे. सदस्यसंख्येपेक्षा पानाचा फोटो आल्यावर किती वेळात उत्तर गेले आणि पुढे शेतावर जाऊन निदान तपासले का, हे विचारावे. फोटोवरून झिंकची कमतरता आणि रोगाची सुरुवात यात गफलत सहज होते.

वितरण

इथे सर्वांत जास्त वेळ गेला. ठळक ओळ: "एका वर्षात विक्रीत ४२ टक्के वाढ." शेवटच्या पानावरच्या तक्त्यात पहिल्या वर्षी ८,४०० लिटर आणि दुसऱ्या वर्षी ११,९०० लिटर दिसते, वाढ ४१.७ टक्के. पण हा माल वितरकाला दिलेला आहे. त्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात परत आलेला माल आहे: पहिल्या वर्षी ८०० लिटर, दुसऱ्या वर्षी २,७००. निव्वळ ७,६०० आणि ९,२००. म्हणजे खरी वाढ २१ टक्के, आणि परतीचे प्रमाण साडेनऊ टक्क्यांवरून जवळजवळ २३ टक्क्यांवर गेले.

२१ टक्के ही चांगलीच वाढ आहे. ती लपवून ४२ का लिहिले, हा प्रश्न आहे. पण परतीचा रकाना ठेवला, यालाही मान द्यायला हवा. परत मोठी होण्याची कारणे साधारण दोन: हंगामाच्या आरंभी वितरकाकडे गरजेपेक्षा जास्त माल लादणे, किंवा पावसाने दडी मारल्यामुळे बुरशीनाशकाची मागणी न उठणे. पहिले असेल तर सवयीचा प्रश्न आहे, दुसरे असेल तर नाही. परतीतली उत्पादने आणि महिने कळले की फरक उघड होतो: सगळ्या उत्पादनांत पसरलेली परत ढकलाढकलीची, एकाच गटात एकवटलेली परत हवामानाची.

सक्रिय विक्रेते ३४ वरून ५२ झाले म्हणतात. "सक्रिय" म्हणजे काय, याची व्याख्या नाही. वर्षात एकच बिल फाटलेला विक्रेता सक्रिय नसतो. हंगामात दुसऱ्यांदा मागणी देणारा असतो. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी ३१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणल्याचे लिहिले आहे. सोबतची नोंद अशी: "दर महिन्याच्या २५ तारखेला दुकानातील शिल्लक साठा मोजून आधी मुदत संपणारा माल पुढच्या फळीवर लावणे." येणी कमी होण्याचे कारण इथे सापडते. साठा माहीत असला की उठाव कळतो, उठाव कळला की पुढचा माल मोजून देता येतो आणि वसुली अडत नाही. २० पैकी निम्मे गुण या नोंदीचे.

एक कमतरता: एकूण लिटरमध्ये तणनाशकाचा वाटा मोठा दिसतो. आपल्या जाहिरातीत बीजप्रक्रिया आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये आहेत. ती दुकानदार मागून विकत नाही, शेतकऱ्याला समजावून विकावी लागतात. प्रात्यक्षिकांची हातोटी इथे उपयोगी पडेल, पण अशा उत्पादनाच्या विक्रीचा एकही आकडा रेझ्युमेत नाही.

शिक्षण आणि अनुभवाची अट पूर्ण. मधल्या पाच महिन्यांच्या खंडाबद्दल फक्त कारण नोंदवून घ्यावे, त्यावर अडू नये.

मुलाखतीसाठी

उमेदवाराला दोन गोष्टी सोबत आणायला सांगाव्यात: परतीच्या २,७०० लिटरचा उत्पादननिहाय व महिनानिहाय तपशील, आणि पूर्ण झालेल्या कोणत्याही तीन प्रात्यक्षिकांची नोंदवही. नोंदवहीत तुलनेच्या पट्ट्याचे वजन वेगळे लिहिले आहे का, ते पाहावे.

मग टेबलावर एक किलो सोयाबीन, बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धकाचे पाकीट ठेवून प्रक्रिया करून दाखवायला सांगावे. हातमोजे आपणहून मागतो का आणि पाकीट कधी फोडतो, एवढे बघितले तरी वरच्या दोन शंका सुटतात. कापसाचा प्रश्न असा विचारावा: "३० दिवसांचा कापूस, पानाखाली तुडतुडे, दुकानात पायरेथ्रॉईड मिश्रणाचा जुना साठा पडून आहे. दुकानदार म्हणतो, हेच द्या. तुम्ही काय करता?" जुन्या साठ्याची विल्हेवाट आणि शेतकऱ्याचे पीक या दोन्हींचे उत्तर त्याने द्यायला हवे. पिकाचे उत्तर चुकले तर बाकीचे गुण कितीही असोत, शिफारस मागे घ्यावी.