चेअरमनसाहेब, राम राम!

प्रिय संजूभाऊ,

सकाळी वहिनींचा फोन आला. "तुमचे मित्र चेअरमन झाले," एवढं सांगून त्या इतक्या हसल्या की पुढचं मलाच विचारावं लागलं. नव्या कमिटीच्या पहिल्याच बैठकीत तुझं नाव पुढे आलं आणि एकाही सदस्यानं दुसरं नाव सुचवलं नाही, हे ऐकून ऊर भरून आला. मनापासून अभिनंदन!

आता तुला हाक काय मारायची, हा मोठाच प्रश्न आहे. शाळेपासून तोंडात 'संज्या' बसलंय. म्हणून मी एक ठरवलंय. सोसायटीच्या गेटच्या आत 'चेअरमनसाहेब', आणि पांझरेच्या पुलावर चहाला उभे राहिलो की 'संज्या'. मान्य असेल तर हा ठराव मंजूर समजतो. सूचक मी, अनुमोदक वहिनी.

खरं सांगू? खुर्ची तुला आज मिळाली, काम तू केव्हाचं करतोयस. गेल्या मे महिन्यात देवपुरात पाण्याची ओढ होती, तेव्हा टँकर आला की तू पाइप हातात धरून उभा. टाकी अर्धी भरली की वरच्या मजल्यावरच्या आजींचं पिंप आधी भरून द्यायचं, मग बाकीच्यांचं. कुणी कुरकुर केली नाही, कारण तुझ्या घरचं पिंप सगळ्यात शेवटी भरायचं हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि ती गच्चीची किल्ली! बिबडे-कुरडया वाळत घालणाऱ्या बायका एकीकडे, रात्री गारव्याला झोपायला जाणारे दुसरीकडे, आणि मध्ये कुलूप. दोन्ही बाजूंनी बोलणं बंद व्हायच्या बेतात असताना तू वेळ वाटून दिलीस. ऊन चढल्यापासून संध्याकाळपर्यंत बिबड्यांचं राज्य, जेवणं झाली की अंथरुणांचं. शिवाय प्रत्येक घरानं चार बिबडे चौकीदारदादांच्या डब्यात टाकायचे, ही पुरवणी तुझीच. इतका गोड निवाडा मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

आता थोडं गंभीर बोलतो, मित्र म्हणून. पाच वर्षांची कमिटी म्हणजे लांबचा पल्ला. थकबाकीवर वर्षाला एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लावायची मुभा आदर्श उपविधींत आहे, पण तुझी रीत मला जास्त आवडते. थकलेल्या माणसाच्या घरी बसून चहा प्यायचा, अडचण ऐकायची आणि हप्ते ठरवून उठायचं. ती सोडू नकोस. फक्त ठरलेले हप्ते कागदावर लिहून घे आणि कमिटीपुढे ठेव, म्हणजे उद्या कुणाला 'त्याला सवलत, मला का नाही' म्हणायला जागा राहणार नाही. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड वेगळे ठेव. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं की सगळ्यांचे डोळे सिंकिंग फंडाकडे वळतील. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय त्याला हात लागू देऊ नकोस. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि हिशेब त्याआधी सभासदांच्या हाती पडले तर सभेत आवाज निम्म्यानं कमी होतात. सेक्रेटरी आणि खजिनदार दोघंही कामाची माणसं आहेत असं तूच सांगत होतास. त्यांना मोकळेपणानं काम करू दे. रात्री अकराला लिफ्ट बंद पडली तर चेअरमननंच धावायला हवं असं नाही. लिफ्टवाल्याचा नंबर नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरांत लाव आणि निवांत झोप. तुझा रक्तदाब आम्हाला सोसायटीच्या शिलकीपेक्षा मोलाचा आहे.

पार्किंगबद्दल मी काही बोलणार नाही. तिथे भल्याभल्यांनी हात टेकलेत. पण तू हात टेकणारा नाहीस, हे मला माहीत आहे.

काकूंना माझा नमस्कार सांग. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "मना पोऱ्या आते मोठा साहेब व्हई गया!" आवाज दाटून आला होता त्यांचा. तुझे वडील असते तर आज गल्लीभर पेढे वाटत फिरले असते. त्यांच्या वतीनं पेढ्यांचा पहिला पुडा मी आणतोय.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं जळगावहून निघतो. बामणोदची भरताची वांगी पिशवीभर घेऊन येईन. तुराट्यांची सोय तू कर, मिरच्या कुटायचं काम माझं, आणि कळण्याच्या भाकरी वहिनींनी आधीच कबूल केल्यात. अख्ख्या कमिटीला बोलव, आणि निवडणुकीत तुझ्या विरोधात बोलले त्यांना तर आधी बोलव. पंगत गच्चीवर बसवू. किल्ली आता तुझ्याकडेच आहे!

तुझा,
दिलीप