आजोबा स्वप्नात येत, तेव्हा तुला काय कळत असे?

हडपसर, पुणे
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आजीस,
चि. निखिलचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की इकडे सर्व कुशल आहे. फोनवर तू मला ‘जेवलास का’ आणि ‘आवाज का बसलाय’ यांच्यापुढे जाऊ देत नाहीस, आणि मला जे विचारायचे आहे ते घाईत बोलण्यासारखे नाही. भिंग घेऊन सावकाश वाच, आणि शक्यतो एकटी असताना वाच.

श्रावणात एका पहाटे आजोबा माझ्या स्वप्नात आले. अंगात एस.टी.ची खाकी, खांद्यावर टॉवेल आणि हातात तो कडीचा पितळी डबा. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दाराबाहेर चपला काढून ते उभे होते आणि ‘पाणी दे रे’ एवढेच म्हणाले. मी आत गेलो, तर मला माझ्याच घरातले स्वयंपाकघर सापडेना. जाग आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. काय करावे ते न सुचून मी फुलपात्र भरून गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. सहाला पाहतो तर ते कबुतरांनी पाडलेले. इथे कावळे कमी आणि कबुतरे फार आहेत, आणि कबुतरांचे तुझ्या शास्त्रात काही स्थान असल्याचे मला आठवत नाही.

हे स्वप्न पडल्यापासून मला तुझी स्वप्ने सारखी आठवत आहेत. आजोबा गेले त्या २००३ सालच्या हिवाळ्यात मी सात वर्षांचा होतो आणि पुढे प्रत्येक सुट्टीत माजघरात तुझ्या शेजारी झोपत असे. तू पहाटे उठून बसायचीस, पदर सारखा करायचीस, आणि चूल पेटवण्याआधी कोणाकडेही न पाहता म्हणायचीस, “आज हे आले होते.” त्या दिवशी काही वेळा कौलांवर कावळ्यासाठी घास जायचा, काही वेळा काहीच व्हायचे नाही. एकदा ते अनवाणी दिसले म्हणून तू बाजाराच्या दिवशी नव्या चपला आणवून खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या गुराख्याला दिल्यास. दुसऱ्यांदा ते भिजलेले दिसले, तेव्हा मात्र तू हसून “पाऊस लागला असेल घाटात” म्हणालीस आणि कामाला लागलीस. अनवाणी येणे म्हणजे मागणे, आणि भिजून येणे म्हणजे नुसते येणे, हा फरक तू कशावरून करत होतीस? तुला हे तुझ्या सासूबाईंनी सांगितले होते, की आजोबांच्या चेहऱ्यावरूनच ते तुला समजत असे, जसे ड्यूटीवरून आल्यावर ते न बोलताही समजायचे?

ऑफिसातल्या एका मित्राने मला समजावले की आपल्याला बरीचशी स्वप्ने पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात त्या झोपेत पडतात, आणि अशी झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त वेळ लागते. म्हणून पहाटेचे स्वप्न ठळक आठवते. हे खरेच आहे, आणि ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ या तुमच्या म्हणण्याच्या मुळाशी कदाचित तेच असेल. पण त्याने मला स्वप्न कधी पडते ते कळले. पाणी मागितले त्याचे काय करायचे ते कळले नाही.

एकादशीच्या भजनात तू तुकोबांच्या गुरूपदेशाचा अभंग म्हणायचीस. त्यात गुरू स्वप्नात येऊन डोक्यावर हात ठेवतात आणि जेवणासाठी पावशेर तूप मागतात, अन् तुकोबांना त्याचा विसर पडतो. बाकी सारे मंत्राच्या ओळीला डोलत, आणि मला मात्र लहानपणी त्या तुपाचीच काळजी लागून राही. आता ती पुन्हा लागली आहे.

यापुढचे जरा भीत भीत विचारतो. एका मे महिन्यात काकांनी आणि बाबांनी घर मधोमध वाटून ओसरीत भिंत घालायचे ठरवले होते. गवंडी येऊन दोरी लावून गेला होता. त्या बैठकीत तुला कोणी काही विचारले नाही आणि तूही काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तू एवढेच सांगितलेस की हे आले होते, ओसरीत आपली खुर्ची शोधत होते आणि बसायला जागा नाही म्हणून तसेच परत गेले. काकांनी कप खाली ठेवला. भिंत झाली नाही, ती आजतागायत नाही. तेव्हा मला अंगावर काटा आला होता. आज मी एकोणतीस वर्षांचा आहे आणि माझ्या मनात निराळाच प्रश्न येतो. ज्या घरात तुझा शब्द चालत नव्हता, तिथे त्यांचा शब्द ते गेल्यावरही चालत होता. जे तुला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नव्हते, ते स्वप्नात त्यांच्या तोंडून येत होते का? तू ते रचलेस असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट मला वाटते की ते स्वप्न खरोखर पडले, आणि म्हणूनच विचारतो: ती खुर्ची शोधणारे ते होते, की तू होतीस, आणि हा फरक तुला कधी महत्त्वाचा वाटला का? बाबा दरवर्षी श्राद्ध करतात, पिंड देतात, तरी त्यांच्या स्वप्नात आजोबा एकदाही आले नाहीत, हे त्यांनीच मला सांगितले. ते तुझ्याकडेच का येत राहिले, यावर तू काही विचार केला असशील.

आणि ते भाकरीचे स्वप्न. ते दारात उभे राहून ‘चल’ म्हणाले आणि तू “भाकरी तव्यावर आहे, थांबा” म्हणालीस, ते वाट पाहून निघून गेले. हे तू काकूला सांगत होतीस, मी पांघरुणात जागा होतो. गेलेल्या माणसाने बोलावले तर जाऊ नये, हे सगळ्यांनाच माहीत असते. पण तू घाबरून नाही म्हणालीस, की खरोखरच भाकरी करपेल म्हणून? नंतर कधी वाईट वाटले का?

आणखी एक. आजोबा गेले तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते आणि तू आता एक्क्याऐंशीची आहेस. ते अजून येत असतील तर त्याच वयाचे येतात का, आणि तू त्यांच्यासमोर आताची असतेस की तेव्हाची? ते तुला ओळखतात ना?

मंगळवारी त्यांची तिथी आहे. मी सोमवारी संध्याकाळच्या गाडीने येतो, म्हणजे वडे थापायला आणि गवार निवडायला हाताशी राहीन. तेव्हा सर्वांदेखत बोलवणार नाही तुझ्याने, हे मी जाणतो. रात्री माजघरात अंथरूण घाल, तिथे सांग. सांगायचे नसेल तर नुसते एवढे सांग की ते फुलपात्र मी पुन्हा भरून ठेवू, की त्या तहानेचे पाणी आता आणखी कोणाला तरी द्यायचे असते. पितळी डबा माळ्यावरून काढून ठेवशील का? त्याची कडी डावीकडे होती की उजवीकडे, ते मला पाहायचे आहे. स्वप्नात ती डावीकडे होती.

तुझा नातू,
निखिल